कोणी बदलले, काय बदलले, केव्हा बदलले?

खेड्यात ज्याच्या घरी थोडीफार जमीन आहे, त्याला सातबारा ठाऊक असतो. जमीन आज कोणाच्या नावावर आहे, ते सातबारा सांगतो. पण ती त्या नावावर कशी आली, हा प्रश्न विचारला तर सातबारा एक क्रमांक दाखवून गप्प बसतो. तो असतो फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकाची नोंद गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत सापडते. अमुक माणूस वारला, त्याचे हे वारस, ही नोंद अमुक तारखेला केली, ती अमुक अधिकाऱ्याने मंजूर केली, हे सगळे तिथे असते. जुन्या मालकाचे नाव सातबाऱ्यावर खरडून काढत नाहीत, त्याला कंस करतात. कंसातले नाव वाचता येते, हेच त्या पद्धतीचे मर्म आहे.

आम्हा संशोधकांनाही हीच शिस्त शिकवली जाते. प्रयोगाची वही शाईने लिहायची, पानांना क्रमांक घालायचे, पान फाडायचे नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे चुकलेला आकडाही दिसत राहील. शेजारी नवा आकडा, तारीख आणि सही. शाळेच्या जनरल रजिस्टरातही मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय खाडाखोड चालत नाही.

आता हीच कामे संगणकावर होऊ लागली आहेत आणि तिथे एक अडचण उभी राहते. कागदावर खोडले की खूण राहते. संगणकाच्या स्मृतीत ४१ च्या जागी ७१ लिहिले की ४१ चा मागमूस उरत नाही. ७१ हा आकडा पहिल्यापासून तिथेच असल्यासारखा स्वच्छ दिसतो. म्हणून बदलाची खूण मुद्दाम वेगळी ठेवावी लागते. या खुणांच्या वहीला संगणकवाले लॉग म्हणतात. त्यातल्या नोंदी ओळीने लावून एखाद्या बदलाचा माग काढता आला, तर त्या मालिकेला ऑडिट ट्रेल म्हणतात. आपण तिला ‘मागोवा’ म्हणू या.

सात ओळींची गोष्ट

समजा, एका शाळेत गुण संगणकावर भरले जातात. प्रत्येक शिक्षकाला स्वतःचे खाते आणि पासवर्ड आहे. गणिताच्या बाईंचे खाते `t04`. निकालाच्या वेळी त्यांना आठवते की सातव्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला आपण ४१ गुण दिले होते. पडद्यावर मात्र ७१ दिसतात. लॉग उघडल्यावर त्या दिवसाच्या या सात ओळी मिळतात:

```
2025-03-17T06:12:07Z user=t04 ip=192.168.1.15 login ok
2025-03-17T06:14:31Z user=t04 ip=192.168.1.15 marks roll=7 old=- new=41
2025-03-17T12:19:50Z user=t04 ip=192.168.1.22 login fail
2025-03-17T12:20:06Z user=t04 ip=192.168.1.22 login fail
2025-03-17T12:20:41Z user=t04 ip=192.168.1.22 login ok
2025-03-17T12:22:15Z user=t04 ip=192.168.1.22 marks roll=7 old=41 new=71
2025-03-17T12:22:38Z user=t04 ip=192.168.1.22 logout
```

प्रत्येक ओळीत चार गोष्टी आहेत. केव्हा, कोणत्या खात्याने, कोणत्या यंत्रावरून आणि काय केले. गुणांच्या ओळीत आणखी एक मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे `old` आणि `new`. अनेक ठिकाणी लॉगमध्ये ‘गुण बदलले’ एवढेच लिहिलेले असते. अशा नोंदीवरून कोणीतरी हात लावला एवढे कळते, पण आधी काय होते ते कळत नाही आणि मूळ गुण परत आणता येत नाहीत. कंस न करता नाव खोडल्यासारखेच ते झाले.

पहिली शंका वेळेची. सहाव्या ओळीवर १२:२२ ही वेळ आहे. बाई म्हणतात, ‘‘बारा-वाजून-बावीस मिनिटांनी मी वर्गात शिकवत होते, सगळी मुले साक्षीला आहेत.’’ पण वेळेच्या शेवटी लावलेला Z पाहा. त्याचा अर्थ ही घड्याळे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. भारतीय वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. म्हणजे ही नोंद संध्याकाळी ५ वाजून ५२ मिनिटांची आहे. सकाळची ०६:१२ ची नोंद आपल्या घड्याळाने ११:४२ ची, म्हणजे बाईंच्या मोकळ्या तासाची. साडेपाच तासांचा हा हिशेब विसरल्यामुळे तपास भलत्याच माणसाकडे वळू शकतो.

आता या नोंदींत संशयास्पद काय आहे? पासवर्ड दोनदा चुकणे हे काही पाप नाही, ते आपल्या सगळ्यांचे होते. दुसऱ्या यंत्रावर बसणे हेही नेहमीचेच. शाळा सुटल्यावर काम करणारे शिक्षकही असतात आणि गुण दुरुस्त करावेच लागतात. प्रत्येक गोष्ट एकेकटी निरुपद्रवी आहे. पण त्या एकत्र आल्या आहेत. अनोळखी यंत्र, दोन फसलेले प्रयत्न, मग प्रवेश, आत आल्यावर केवळ एकाच विद्यार्थ्याचे गुण उघडणे आणि दोन मिनिटे व्हायच्या आत बाहेर पडणे. बाई स्वतः काम करतात तेव्हा पूर्ण वर्गाची यादी चाळतात, हे इतर दिवसांच्या नोंदींवरून दिसते. संशय ओळखण्याची रीत हीच. आधी त्या खात्याचे नेहमीचे वागणे माहीत करून घ्यायचे आणि मग त्याच्याशी न जुळणाऱ्या गोष्टी एकाच वेळी किती आल्या ते पाहायचे.

इथे थांबून ‘बाईंनी गुण वाढवले’ असे म्हणणे ही मोठी चूक ठरेल. लॉगला माणूस दिसत नाही, त्याला खाते दिसते. `t04` चा पासवर्ड टाकणारी बोटे कोणाची, ते तो सांगू शकत नाही. म्हणून लॉगच्या बाहेरची दुसरी वही उघडायची. शिक्षकांच्या हजेरीपटावर बाईंनी ५ वाजून १० मिनिटांनी जाण्याची सही केली आहे. `192.168.1.22` हे ग्रंथालयातले यंत्र आहे आणि त्याच्या वापराची वही ग्रंथपालांकडे आहे. आता प्रश्न बाईंकडून सरकून ‘पावणेसहाच्या सुमारास ग्रंथालयात कोण होते आणि बाईंचा पासवर्ड त्याला कसा कळला’ इथे आला. उत्तर अजून मिळालेले नाही, पण योग्य प्रश्न मिळाला आहे. दोन वह्या वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या गेल्या होत्या, म्हणूनच हे साधले.

याच कारणासाठी एकच खाते चौघांनी वापरणे घातक असते. ‘कार्यालय’ नावाचे एक खाते आणि पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, अशी व्यवस्था असेल तर लॉग कितीही बारीक लिहिला तरी ‘कोणी’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते.

पंचाहत्तर सेंटांची चूक

दोन वह्या न जुळल्याने लागलेला एक शोध प्रसिद्ध आहे. १९८६ च्या ऑगस्ट महिन्यातली ही हकीकत अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतली आहे. क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ तिथल्या संगणक विभागात नुकतेच कामाला लागले होते. त्या काळी संगणकाचा वेळ महाग असे आणि वापरणाऱ्या प्रत्येक विभागाला मिनिटांप्रमाणे बिल जात असे. महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक येत होता आणि तो का येतो हे शोधण्याचे काम स्टोल यांच्याकडे आले.

रक्कम क्षुल्लक होती. पैशांच्या बेरजेत बारीक अपूर्णांक सोडून दिल्याने असे होऊ शकते, असे कोणालाही वाटले असते. पण तसे असते तर फरक सगळ्या खात्यांवर थोडाथोडा पसरला असता. इथे तो एकाच खात्यापाशी साचला होता. त्या खात्याने संगणक वापरला होता, पण त्याचे बिल कोणाला पाठवायचे याचा पत्ताच नव्हता.

याचे कारण असे. त्या संगणकावर नवे खाते उघडायचे तर दोन ठिकाणी नोंद करावी लागे. एक संगणकाच्या स्वतःच्या यादीत आणि दुसरी प्रयोगशाळेने घरीच तयार केलेल्या हिशेबाच्या प्रणालीत. प्रयोगशाळेतल्या माणसाला दोन्ही ठाऊक होत्या. बाहेरून शिरलेल्याला फक्त पहिली ठाऊक होती, कारण ती तशा प्रकारच्या सगळ्याच संगणकांवर असते. त्याने एका वहीत नाव घातले, दुसरी वही आहे हे त्याला कळलेच नाही आणि ताळेबंद जुळेना.

ते खाते काढून टाकले तरी प्रकरण मिटले नाही. थोड्याच दिवसांत असे दिसले की कोणीतरी व्यवस्थापकाचे अधिकार मिळवून हिशेबाच्या नोंदीच बदलू पाहत आहे. म्हणजे चोराच्या हाती चावी तर होतीच, आता नोंदवहीही आली. अशा वेळी संगणकातल्या लॉगवर विसंबायचे कसे? स्टोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा उपाय केला. बाहेरून येणाऱ्या तारांवर त्यांनी छपाईयंत्रे जोडली. चोर जे टंकेल ते आणि त्याला जे उत्तर जाईल ते, सगळे कागदावर उमटू लागले. ही यंत्रे तारेवर नुसती कान देऊन बसली होती, संगणकाला त्यांची खबरही नव्हती. आत शिरलेला माणूस संगणकावर सर्वाधिकारी असला, तरी कागदावर उमटलेली ओळ त्याला पुसता येईना. एका संपादन-आज्ञावलीतल्या दोषाचा फायदा घेऊन तो सर्वाधिकारी कसा झाला, हेही त्या कागदांवरूनच समजले.

पुढे जवळजवळ वर्षभर माग काढल्यावर तो पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. या काळात त्याने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली होती आणि तीसहून अधिक ठिकाणी त्याला प्रवेश मिळाला होता. बर्कलेच्या संगणकाचा उपयोग तो लष्करी संगणकांकडे जाण्याच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून करत होता. मार्कुस हेस नावाच्या या माणसाला आणि त्याच्या साथीदारांना १९९० साली जर्मन न्यायालयाने दोषी ठरवले. माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकल्याचा तो खटला होता. सुरुवात मात्र ७५ सेंटांपासून झाली होती.

नोंदींना मोहोर

प्रत्येक ठिकाणी तारेवर छपाईयंत्र बसवणे शक्य नाही. मग लॉगमधली जुनी ओळ कोणी बदलली, तर ती बदलली आहे एवढे तरी कळावे, यासाठी काय करता येईल? यावरची युक्ती इतकी सुंदर आहे की ती वर्गात फळ्यावर करून दाखवता येते.

प्रत्येक नोंदीला एक संख्या देऊ. विद्यार्थ्याचा क्रमांक आणि त्याचे गुण शेजारी शेजारी लिहिले की झाली संख्या. बाराव्या क्रमांकाला ३५ गुण म्हणजे १२३५. सातव्याला ४१ म्हणजे ०७४१. तेविसाव्याला २८ म्हणजे २३२८. सोळाव्याला ५२ म्हणजे १६५२. आता प्रत्येक नोंदीवर एक मोहोर उमटवायची. नियम असा: आधीच्या मोहोरेला ७ ने गुणा, त्यात या नोंदीची संख्या मिळवा, बेरजेला ९७ ने भागा आणि उरलेली बाकी ही नवी मोहोर. सुरुवातीची मोहोर १० धरू.

पहिली नोंद: १० × ७ + १२३५ = १३०५. याला ९७ ने भागून बाकी ४४.
दुसरी: ४४ × ७ + ७४१ = १०४९, बाकी ७९.
तिसरी: ७९ × ७ + २३२८ = २८८१, बाकी ६८.
चौथी: ६८ × ७ + १६५२ = २१२८, बाकी ९१.

आता समजा, कोणीतरी गुपचूप दुसऱ्या नोंदीतल्या ४१ चे ७१ केले. संख्या झाली ०७७१. तिची मोहोर निघते १२, वहीत मात्र ७९ लिहिलेली आहे. चोर हुशार असेल तर तोही ७९ खोडून १२ लिहील. पण मग तिसरी मोहोर ६८ ऐवजी ८४ निघते आणि चौथी ९१ ऐवजी ९. प्रत्येक मोहोरेत तिच्या आधीच्या सगळ्या नोंदी मुरलेल्या आहेत. म्हणून एका जागी केलेली लबाडी पुढच्या प्रत्येक ओळीवर उमटत जाते. ओळ मधूनच गाळली तरी तेच होते.

चोर शेवटपर्यंतच्या सगळ्या मोहोरा नव्याने काढील, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील, आणि तो रास्त आहे. वही त्याच्या ताब्यात असेल तर तो हे सहज करील. म्हणून रोज संध्याकाळी शेवटची एकच मोहोर त्याच्या हाताबाहेरच्या जागी लिहून ठेवायची, उदाहरणार्थ मुख्याध्यापकांच्या रोजनिशीत. तिथे ९१ लिहिलेले असेल आणि वहीच्या शेवटी ९ निघत असेल, तर मध्ये कुठेतरी हात फिरला आहे. हजारो नोंदींची राखण एका छोट्या संख्येवर येते आणि तिला सांभाळणे सोपे असते. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी १९९१ साली कागदपत्रांवर अशी कालमुद्रा उमटवण्याची रीत मांडली. पुढे त्यांच्या कंपनीने अशी मोहोर न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला छापायला सुरुवात केली. जगभर पसरलेल्या वर्तमानपत्राचे सगळे अंक बदलणे कोणाला जमणार?

आमच्या खेळातल्या मोहोरेत एक भोक आहे. संख्येत नेमके ९७ मिळवले तर बाकी बदलत नाही, त्यामुळे ०७४१ चे ०८३८ केले तर मोहोर तशीच राहते. शिवाय मोहोरा फक्त ९७ प्रकारच्या असल्यामुळे योगायोगाने जुळण्याचा धोकाही मोठा. प्रत्यक्षात याच जागी एसएचए-२५६ यासारखी गणिती रीत वापरतात. तिच्या मोहोरा इतक्या प्रकारच्या असू शकतात की तो आकडा लिहायला ७८ अंक लागतात. तीच मोहोर देणारी दुसरी नोंद जाणूनबुजून घडवण्याची रीत आजवर कोणाला सापडलेली नाही.

लॉगला काय कळत नाही

मोहोर फार काम करते, पण तिच्या मर्यादा नीट समजून घेतल्या पाहिजेत. नोंद झाल्यावर ती बदललेली नाही, एवढेच मोहोर सांगते. नोंद मुळात खरी होती का, हे ती सांगत नाही. गणिताच्या बाईंनी ४१ ऐवजी चुकून १४ टंकले, तर मोहोर त्या १४ चीच इमानाने राखण करील. जे लिहिलेच गेले नाही त्याबद्दलही ती मुकी असते. म्हणून चोराची पहिली खटपट बहुधा लॉग बंद करण्याची असते. अशा वेळी ओळींच्या क्रमांकांतली तूट किंवा नेहमी गजबजलेल्या वेळेत पडलेली शांतता हाच पुरावा ठरतो. लॉग बंद केला ही नोंदसुद्धा लॉगमध्ये व्हावी आणि ती लगेच दुसऱ्या यंत्रावर जावी, अशी सोय म्हणूनच करतात.

भारतातल्या कंपन्यांसाठी हा आता कायद्याचा भाग आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीने हिशेबासाठी वापरलेल्या संगणक-प्रणालीत प्रत्येक फेरबदलाचा मागोवा तारखेसह राहिला पाहिजे आणि तो बंद करता येऊ नये, असा नियम आहे. संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २०२२ मध्ये लॉग १८० दिवस जपून ठेवण्याचा आदेश दिला. घड्याळे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवून ठेवा, असेही त्यात सांगितले. दोन यंत्रांची घड्याळे पाच मिनिटांनी पुढेमागे असतील तर कारण आधी की परिणाम आधी, हेच ठरवता येत नाही.

लॉग जपताना आणखी एक सांभाळायचे असते. त्यात लोकांच्या येण्याजाण्याची, कामाच्या सवयींची माहिती साठत जाते. पासवर्ड तर त्यात कधीच लिहिला जाऊ नये. अनेकदा माणूस घाईत खात्याच्या नावाच्या चौकटीत पासवर्ड टंकतो, आणि फसलेल्या प्रयत्नाची नोंद करताना तो लॉगमध्ये उघडा पडतो. मागोव्याची वही कोण उघडतो, याचीही म्हणून एक वही लागते.

वर्गात करून पाहायला एक खेळ सुचवतो. दहा नोंदी फळ्यावर लिहून वरच्या नियमाने मोहोरा काढा. शेवटची मोहोर एका विद्यार्थ्याच्या वहीत लिहून वही बंद करायला सांगा. बाकीच्यांनी तोंड फिरवल्यावर एकाने कोणतीही एक नोंद बदलावी आणि मोहोरा तशाच ठेवाव्यात. मग सगळ्यांनी ताळा करून कोणती ओळ बदलली ते शोधावे. दुसऱ्या फेरीत बदलणाऱ्याला पुढच्या सगळ्या मोहोराही सुधारू द्या. आता बंद वही उघडल्यावर लबाडी झाली हे कळेल, पण कोणत्या ओळीत झाली ते मात्र कळणार नाही. तेही कळावे म्हणून काय करायला हवे, हा प्रश्न विद्यार्थ्यांवर सोपवावा.